वायरलेस कीबोर्डचा डोंगल नव्या कॉम्प्युटरला लावला, तर "रिसीव्हर सापडला नाही" म्हणतंय. पेअरिंग परत कसं करायचं?

सुरेखा_मिरज (रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. मी घरी मराठी टायपिंगची कामं घेते, पत्रिका, अहवाल, सोसायटीच्या नोटिसा असं. माझा जुना डेस्कटॉप गेल्या आठवड्यात कायमचा बसला. दुकानदाराने तो एक्स्चेंजमध्ये घेतला आणि नवीन जोडून दिला, विंडोज 11 टाकून.

माझा कीबोर्ड वायरलेस आहे, सहा वर्षं जुना, लॉजिटेकचा. कळांवरची अक्षरं पुसली आहेत, पण हात त्याच्यावरच बसलाय. इनस्क्रिप्ट करताना न बघता बोटं चालतात. जुन्या मशीनमधला डोंगल काढून आणला आणि नव्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावला. माउस लगेच चालू झाला. कीबोर्ड मात्र मुका. सेल नवे घातले, हिरवा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. नेटवर वाचून युनिफाइंग सॉफ्टवेअर उतरवलं, तर ते म्हणतं रिसीव्हरच सापडत नाही. डोंगल तर समोर लावलेला दिसतोय!

आत्ता हे मोबाइलवरून लिहितेय. परवा एका लग्नपत्रिकेचा मजकूर द्यायचाय. नवीन कीबोर्ड घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही. पेअरिंग परत कसं करतात, कुणी सांगेल का?

---

टेकप्रसाद (9:52)

ताई, पेअरिंग जुन्या विंडोजमध्ये सेव्ह होतं. ते मशीनच गेलं म्हणजे पेअरिंगही गेलं. Device Manager मध्ये जाऊन डोंगल अनइन्स्टॉल करा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, ड्रायव्हर परत बसला की पेअर करा. माझा हेडफोन असाच सुरू झाला होता.

---

अश्विनी_के (10:05)

माझ्याकडे परवा अगदी हेच झालं. माउसच्या पोटाला एक सरकबटण असतं, एका बाजूला ब्लूटूथ आणि दुसऱ्या बाजूला 2.4. साफसफाई करताना ते ब्लूटूथकडे सरकलं होतं आणि मी तासभर डोंगल या पोर्टमधून त्या पोर्टमध्ये फिरवत बसले. आधी ते बघा.

---

सुरेखा_मिरज (10:11)

अश्विनीताई, माझ्या कीबोर्डला तसं सरकबटण नाही, फक्त ऑन-ऑफ आहे. माउस तर चालतोच आहे.

---

बापू_कोल्हापूर (10:30)

सुरेखाताई, जरा थांबा. काही अनइन्स्टॉल करू नका आणि पेअरिंगच्याही मागं आत्ता लागू नका. मी सतरा वर्षं ही दुरुस्ती करतोय. "डोंगल सापडत नाही" म्हणून येणाऱ्यांतल्या बहुतेकांचा डोंगल ठणठणीत असतो.

प्रसाद, तुमचं ब्लूटूथच्या बाबतीत बरोबर आहे. तिथं जोडणीची किल्ली कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून मशीन बदललं की परत जोडावं लागतं. डोंगलचं तसं नाही. कुणाशी जोडलोय हे डोंगलच्या स्वतःच्या पोटात लिहिलेलं असतं आणि त्याची जोडी कीबोर्डच्या पोटात. विंडोजला तो साधा यूएसबी कीबोर्ड-माउसच दिसतो, आत हवेतून काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून डोंगल दुसऱ्या मशीनला लावला की काहीही न करता चालायला पाहिजे. नाही चालला तर आधी शोधायचं की दोर कुठं तुटलाय: कॉम्प्युटर आणि डोंगलमध्ये, का डोंगल आणि कीबोर्डमध्ये.

तुमचा माउस चालतोय म्हणताय. म्हणजे पोर्ट चांगलं आहे, डोंगल जिवंत आहे आणि विंडोजनं तो ओळखलाय. मग युनिफाइंग सॉफ्टवेअर "सापडत नाही" का म्हणतंय? कारण ते फक्त आपल्या जातीचा डोंगल शोधतं. दुसऱ्या जातीचा समोर असला तरी त्याला दिसत नाही.

दोन गोष्टी बघून सांगा. कीबोर्डवर आणि डोंगलवर नारिंगी रंगाची खूण आहे का, छोट्या सूर्यासारखी, भोवती टोकं असलेली. आणि हा माउस कीबोर्डबरोबरच घेतला होता का?

---

सुरेखा_मिरज (10:48)

बापूदादा, टॉर्च लावून बघितलं. कीबोर्डच्या मागे स्टिकरजवळ नारिंगी खूण आहे. डोंगलवर मात्र काहीच रंग नाही, बारीक पांढरी अक्षरं आहेत फक्त.

आणि हो, माउस वेगळा. आधीचा दोन वर्षांपूर्वी पडून फुटला. नवा आणला तेव्हा दुकानातल्या मुलाने घरी येऊन बसवून दिला. त्याने मागे काय लावलं ते मी बघितलं नाही.

---

बापू_कोल्हापूर (10:55)

मग सापडलं. पक्कं करायला एवढं करा. Device Manager उघडा, "Mice and other pointing devices" खाली HID-compliant mouse वर उजवी क्लिक, Properties, मग Details, आणि यादीतून Hardware Ids निवडा. तिथं `VID_046D` दिसेल, तो लॉजिटेकचा क्रमांक. त्याच्यापुढं PID काय आहे ते सांगा.

---

सुरेखा_मिरज (11:03)

`HID\VID_046D&PID_C534` आणि पुढे बरंच काही.

---

बापू_कोल्हापूर (11:20)

C534 म्हणजे साधा नॅनो रिसीव्हर. नारिंगी खुणेचा युनिफाइंग असता तर C52B आला असता. हिरवट विजेची खूण असलेला नवा बोल्ट असता तर C548. तिन्ही दिसायला भाऊभाऊ, नखाएवढे काळे, पण एकमेकांची भाषा बोलत नाहीत. बोल्ट 2021 साली आला, आणि तेव्हापासून माझ्याकडं हा गोंधळ वाढलाय. लोक बोल्टच्या डोंगलला युनिफाइंगचा कीबोर्ड जोडायला बघतात.

तुम्ही आणलाय तो माउसचा डोंगल. कीबोर्डचा वेगळा होता आणि तो जुन्या कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात राहिलाय. सहा वर्षांपूर्वी लावला, तिथंच बसला, तुम्ही विसरलात. साहजिक आहे, दिसतच नाही तो.

उद्या सकाळी पहिल्यांदा दुकानात फोन करा. डोंगल मिळाला तर नव्या मशीनला लावा, कीबोर्ड लागलीच चालेल.

---

म्युनिकहून_मंदार (11:41)

बापूंनी सांगितलेला फरक लिनक्सवर एका ओळीत दिसतो. कुणाला लागला तर:

```
lsusb | grep 046d
solaar show
solaar pair
```

पहिल्या ओळीला `046d:c52b` दिसलं म्हणजे युनिफाइंग आहे. माझं मात्र वेगळ्याच जागी अडलं होतं. जुन्या लॅपटॉपवरून डोंगल नव्यावर आणला, lsusb ला दिसायचा, कीबोर्डवर टायपिंगही व्हायचं, पण लॉजिटेकचे डोंगल सांभाळणारं सोलार म्हणायचं रिसीव्हर नाही. कारण परवानगीचं निघालं. सोलारला डोंगलशी थेट बोलायला hidraw लागतं आणि त्यासाठी udev चा नियम बसवावा लागतो. मी सोलार pip ने बसवलं होतं, त्यामुळे तो नियम आलाच नव्हता. तो टाकून डोंगल एकदा काढून परत लावला, मग दिसला. नुसता नियम टाकून भागत नाही, हे कळायला माझी अख्खी संध्याकाळ गेली.

---

टेकप्रसाद (11:50)

बापू, ब्लूटूथची आणि डोंगलची गल्लत झाली माझी, मान्य. पण ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून कधीकधी खरंच चालतं. ऑफिसात मी दोनदा केलंय.

---

बापू_कोल्हापूर (11:58)

चालतं, नाही म्हणत नाही. विंडोजनं त्या पोर्टची चुकीची नोंद धरून ठेवली असेल तर तुमच्या उपायानं ती पुसली जाते. पण तेव्हा डोंगलवरचं काहीच चालत नसतं आणि Device Manager मध्ये पिवळं चिन्ह दिसतं. इथं माउस पळतोय. शिवाय एकच माउस असेल आणि तोच अनइन्स्टॉल केला, तर पुढची क्लिक कशानं करणार?

---

शाळामास्तर (सकाळी 7:15)

चांगला धागा. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात बारा संच आहेत, सगळे एकाच प्रकारचे, कुठल्याच नावाजलेल्या कंपनीचे नाहीत. सुट्टीत रंगकामासाठी सगळं हलवलं आणि मुलांनी डोंगल एका डब्यात गोळा करून ठेवले. शाळा उघडली तर दुसऱ्या बाकावरची मुलगी टाइप करतेय आणि अक्षरं उमटताहेत सातव्या बाकावर! वर्ग नुसता हसत होता.

शेवटी सगळ्या कीबोर्ड-माउसचे सेल काढले. एका कॉम्प्युटरला एक डोंगल लावला आणि एकेका कीबोर्डमध्ये सेल घालत गेलो. ज्याने अक्षर उमटलं तो त्याचा. मग डोंगल, कीबोर्ड आणि माउस, तिघांवर नेलपॉलिशने एकच आकडा घातला. अकरा संच जुळले. बाराव्याचा कीबोर्ड चालतो, पण माउसला कुठलाच डोंगल दाद देत नाही. त्याचं पेअरिंग कसं करायचं? खोक्यावर काही लिहिलेलं नाही.

---

सुरेखा_मिरज (11:10)

दुकानात फोन केला. जुनं कॅबिनेट सोमवारीच पुढे सांगलीला गेलं, तिथे भाग सुटे करतात म्हणे. डोंगल गेला. फार वाईट वाटलं. एवढ्याशा वस्तूवाचून चांगला कीबोर्ड पडून राहायचा?

---

बापू_कोल्हापूर (12:05)

पडून राहणार नाही. इथं खरं पेअरिंग लागतं. युनिफाइंगचा फायदा असा की नारिंगी खुणेचा कुठलाही डोंगल नारिंगी खुणेच्या कुठल्याही कीबोर्डला चालतो, आणि एका डोंगलला सहा वस्तू जोडता येतात. नवा सुटा डोंगलही मिळतो, पण विकत घेण्याआधी घरात, शेजारी, नात्यात विचारा. नारिंगी खुणेचा माउस बंद पडून कुणाच्या तरी कपाटात असतो, आणि त्याचा डोंगल शाबूत असतो.

---

सुरेखा_मिरज (दुपारी 4:32)

मिळाला! माझ्या भावाचा लॅपटॉप पिशवीतून पडला होता, त्याच्याबरोबरचा माउस त्याने तसाच ठेवला होता. डोंगल माउसच्या सेलच्या कप्प्यात खोचलेला. नारिंगी खूण स्पष्ट आहे. मागच्या पोर्टला लावला, सॉफ्टवेअरला लगेच सापडला! पण पुढे जात नाही. कीबोर्ड बंद करून चालू करा म्हणतं, मी केला, तर थोड्या वेळाने सांगतं की काही मिळालं नाही. तीनदा केलं.

---

बापू_कोल्हापूर (4:50)

कीबोर्ड नेमका कधी बंद-चालू करताय?

---

सुरेखा_मिरज (4:53)

आधीच करून ठेवते, मग Next दाबते.

---

बापू_कोल्हापूर (5:02)

उलटं करा. Next दाबल्यावर डोंगल साधारण अर्धा मिनिट कान उघडे ठेवतो. आणि कीबोर्ड "मी आलो" अशी हाक फक्त चालू होताना मारतो. तुमची हाक आधीच मारून झालेली असते आणि कान नंतर उघडतात. म्हणून असं करा:

कीबोर्ड बंद करून हातात धरा. माउसनं Next दाबा. बंद-चालू करा असं स्क्रीनवर आलं की मग बटण चालू करा. कीबोर्ड डोंगलच्या जवळ असू द्या, कॅबिनेटच्या पत्र्याआड टेबलाखाली नको. ज्यांच्या कीबोर्डला बटणच नसतं त्यांनी याच वेळी एक सेल काढून परत घालायचा.

आणखी एक लक्षात ठेवा. तुमच्यासारखा साधा कीबोर्ड एकाच डोंगलला ओळखतो, शेवटी जोडला त्याला. उद्या सांगलीहून जुना डोंगल परत आला तरी तो आपोआप चालणार नाही. तीन मशीनचं बटण असलेल्या महागड्या कीबोर्डचं वेगळं. तिथं हव्या त्या क्रमांकाची कळ तीन सेकंद दाबून धरली की तो हाक मारायला लागतो.

---

सुरेखा_मिरज (5:20)

झालं!!! पहिल्याच वेळेला. स्क्रीनवर कीबोर्डचं नाव आलं, टाइप करून बघायला चौकट आली, मी त्यात "श्री" लिहिलं. हा निरोप त्याच कीबोर्डवरून लिहितेय. बापूदादा, तुमचे उपकार कसे मानू.

---

अश्विनी_के (5:24)

वा! आता भावाला माउस परत देऊ नका, नाहीतर तो दुसऱ्या खोलीतून तुमचा बाण हलवत बसेल. 😀

---

म्युनिकहून_मंदार (5:31)

अश्विनीने गंमत केली, पण ते तसंच होतं. त्या डोंगलच्या यादीत भावाचा माउस अजून आहे. माउसमध्ये सेल घातले तर बाण हलणार. त्याच सॉफ्टवेअरच्या प्रगत भागात जाऊन त्याला यादीतून काढता येतं. पण घाई नाही, सहापैकी दोनच जागा भरल्यात.

---

सुरेखा_मिरज (रात्री 10:15)

पुन्हा आले, माफ करा. काम चालू आहे, पण अक्षरं गळताहेत. "आशीर्वाद" लिहिलं तर "आशर्वाद" उमटतं, कधी एकच कळ चारदा उमटते, "कककक". पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आडनावातलं एक अक्षर गेलं होतं, नशिबाने माझ्या नजरेला पडलं. जुन्या मशीनवर सहा वर्षांत असं कधी झालं नाही. सेल नवे आहेत. पेअरिंग कच्चं राहिलं का?

---

टेकप्रसाद (10:22)

ताई, डोंगलच्या शेजारच्या पोर्टला काय लावलंय? एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे का?

---

सुरेखा_मिरज (10:26)

हो, जुन्या फायली त्यातून कॉपी होताहेत. अगदी शेजारीच. दोन्ही पोर्ट आतून निळे आहेत.

---

टेकप्रसाद (10:34)

मग तेच. हे मी स्वतः सोसलंय. यूएसबी 3 चालू असताना त्याच्यातून जो रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो तो 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच येतो, आणि तुमचा डोंगल तिथेच बोलतो. इंटेलने 2012 मध्ये यावर एक टिपणच काढलं होतं. कॉपी चालू असताना अक्षरं गळतात आणि थांबली की नीट, असं असेल तर दोष पेअरिंगचा नाही. पेअरिंग जुळलं असेल तर जुळलेलंच असतं, त्यात कच्चंपक्कं नसतं.

उपाय स्वस्त आहे. यूएसबीची हातभर एक्स्टेन्शन वायर घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर कीबोर्डजवळ आणा. नाहीतर आत्तापुरतं पुढच्या पोर्टला लावा, डिस्कपासून लांब.

---

बापू_कोल्हापूर (10:41)

प्रसाद, अचूक. मी हेच लिहायला बसलो होतो. पत्रिका आहे ताई, कॉपी संपेपर्यंत टायपिंग थांबवलं तरी चालेल. झालेला मजकूर मात्र एकदा दुसऱ्याकडून वाचून घ्या.

---

शाळामास्तर (10:50)

माझ्या बाराव्या माउसचं राहिलंच.

---

बापू_कोल्हापूर (11:02)

सर, विसरलो नाही. पण खात्रीनं सांगण्यासारखं तिथं थोडं आहे. असल्या संचांना सॉफ्टवेअर नसतं, पेअरिंगची खूण कारखान्यात ठरते आणि दर संचाची वेगळी. बऱ्याच माउसना असं चालतं: डोंगल काढून परत लावायचा, लगेच पहिल्या काही सेकंदांत माउस त्याच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर धरून डावं-उजवं बटण एकत्र दाबून ठेवायचं. काहींत उजवं बटण आणि चाक. चालू करतानाच दाबून धरावं लागतं असेही आहेत. आणि काही डोंगलना परत पेअर व्हायची सोयच नसते. बारावा डोंगल तोच आहे ना, ज्याला बारावा कीबोर्ड चालतो? त्याच्यावरच करा, दुसऱ्या संचाच्या डोंगलवर नको, नाहीतर चांगला संच बिघडायचा.

---

सुरेखा_मिरज (दुसऱ्या दिवशी, दुपारी 1:05)

एक्स्टेन्शन वायर आणली, सत्तर रुपये. डोंगल आता कीबोर्डच्या डोक्याशी टेबलावर आहे. डिस्क चालू ठेवून अख्खी पत्रिका परत टाइप केली, एक अक्षर गळलं नाही. मजकूर दिला. डोंगलच्या वायरला लाल दोरा बांधलाय, म्हणजे पुढच्या वेळी मशीन जाईल तेव्हा हा मागे राहणार नाही.

---

शाळामास्तर (2:40)

अभिनंदन ताई. बापू, डावं-उजवं करून बघितलं, बाराव्याच्याच डोंगलवर, सहा-सात वेळा. चाक आणि उजवंही केलं. माउसचा लाल दिवा दोनदा लुकलुकला, पण बाण हलला नाही. उद्या शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर चालू करतानाचा प्रकार करून बघतो आणि कळवतो.